सामन्यानंतरचे बर्फस्नान, मालिश आणि स्नायूंचे ताण : पुरावा कशाला, सवय कशाची?

नवी दिल्ली : पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियमवर झाली. प्रतीक वाईकर याच्या नेतृत्वाखालील भारतीय पुरुष संघाने १३ तारखेला नेपाळविरुद्ध सलामीचा सामना ४२-३७ असा जिंकला. त्यानंतर ब्राझील, पेरू, भूतान, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्याशी रोज एक सामना खेळून १९ तारखेच्या अंतिम फेरीत त्याने पुन्हा नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. सात दिवसांत सात सामने झाले. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखालील महिला संघाने १४ तारखेपासून सहा दिवसांत सहा सामने खेळून विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात या संघाने नेपाळला ७८-४० असे नमवले.

असे वेळापत्रक असले की प्रत्येक संघापुढे एकच प्रश्न उभा राहतो. आज रात्री दुखणारे पाय उद्या संध्याकाळपर्यंत पळण्याजोगे कसे होतील? या प्रश्नाची तीन उत्तरे देशभरातील मैदानांवर ठरलेली आहेत : बर्फाच्या पाण्यात बसणे, मालिश करून घेणे आणि स्नायू ताणणे. तिन्हींवर गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. या उपायांना मैदानावर मिळणारा मान आणि त्यांच्यामागे असलेला पुरावा मात्र सारखा नाही. शिवाय त्यातील सर्वांत प्रभावी उपाय चुकीच्या महिन्यात केल्यास खेळाडूच्या मेहनतीवर पाणी पडू शकते.

अंग ‘आंबते’ म्हणजे काय होते?

दमछाक करणाऱ्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते, त्याला मराठीत ‘अंग आंबणे’ म्हणतात. आंबणे म्हटले की आम्ल आठवते, आणि स्नायूंत साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे हे दुखणे येते ही समजूतही सर्वत्र रूढ आहे. ‘मालिशने आम्ल निघून जाते’, ‘ताण दिल्याने ते वाहून जाते’ अशी स्पष्टीकरणे याच समजुतीतून येतात.

प्रत्यक्षात जोरदार पळापळीत रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. हृदय, यकृत आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. अंगदुखी मात्र सामन्यानंतर काही तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि साधारण आठवडाभरात ओसरते. म्हणजे दुखणे सुरू होण्याच्या आधीच लॅक्टेट निघून गेलेले असते.

या दुखण्याचे मूळ स्नायू लांबत असताना त्यावर पडणाऱ्या भारात आहे. खो-खोमध्ये खेळाडू बैठकीतून झटकन उठतो, भरधाव पळताना एकदम थांबतो, खांबाजवळ दिशा बदलतो किंवा सूर मारतो. थांबताना आणि वळताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजनही पेलत असतो. अशा भाराने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. पुढील दुरुस्तीच्या प्रक्रियेत सूज आणि संवेदनशीलता वाढते, आणि पायऱ्या उतरताना जाणवणारी परिचित कळ येते. सपाटीवर चालताना ती कमी आणि उतरताना जास्त असते, कारण उतरतानाही स्नायू लांबत असतानाच भार घेतो.

बर्फस्नान : फायदा खरा, पण मर्यादित

तिन्ही उपायांत थंड पाण्यात बुडण्याच्या बाजूने पुरावा तुलनेने चांगला आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये १७ लहान चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एकूण ३६६ व्यक्ती सहभागी होत्या. नुसत्या विश्रांतीच्या तुलनेत थंड पाण्यात बसलेल्यांचे दुखणे पुढील चार दिवस कमी राहिले. नंतरच्या अभ्यासांनी साधारण ११ ते १५ अंश सेल्सिअस तापमान आणि ११ ते १५ मिनिटे हा पल्ला पुरेसा ठरवला. त्याहून थंड पाण्याने जास्त लाभ होतो, असे दिसलेले नाही. दातखीळ बसेपर्यंत बर्फात बसणे ही सहनशक्तीची परीक्षा ठरेल, उपचारात त्याने भर पडत नाही.

हा फायदा कोठून येतो, याविषयी मात्र सावध राहावे लागते. ‘बर्फाने सूज उतरते’ हे नेहमीचे उत्तर आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी नऊ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासले. व्यायामानंतर १० मिनिटे थंड पाण्यात बसल्यावर आणि तेवढाच वेळ हलके सायकलिंग केल्यावर, दोन्ही वेळा स्नायूंतील दाहाच्या खुणा जवळपास सारख्याच आढळल्या. थंडीने मज्जातंतूंचे वेदनावहन मंदावते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पाण्याच्या दाबाने पायांतील द्रव वर सरकतो. दुखणे कमी वाटण्यास एवढे पुरेसे असू शकते. स्नायूची दुरुस्ती त्यामुळे लवकर पूर्ण होते, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

विश्वासाचा वाटाही मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये ३० पुरुषांवर केलेली चाचणी या दृष्टीने बोलकी आहे. जोरदार सायकलिंगनंतर एका गटाला सुमारे १० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटे बसवले. दुसरा आणि तिसरा गट सुमारे ३५ अंशांच्या, म्हणजे ना थंड ना गरम अशा पाण्यात बसला. मात्र दुसऱ्या गटाच्या पाण्यात त्यांच्या डोळ्यांदेखत ‘थकवा घालवणारे खास तेल’ ओतले गेले. ते प्रत्यक्षात साधे त्वचा धुण्याचे द्रावण होते. पुढील दोन दिवसांत पायांची ताकद परत येण्यात हा दुसरा गट बर्फाच्या गटाच्या बरोबरीने राहिला आणि नुसत्या कोमट पाण्यातला तिसरा गट मागे पडला. बर्फस्नान घेतले आहे की नाही हे खेळाडूपासून लपवता येत नाही, त्यामुळे या विषयावरील बहुतेक चाचण्यांच्या निष्कर्षांत विश्वासाचा हा अंश मिसळलेला असतो.

तेच स्नान सरावाच्या काळात तोट्याचे

स्पर्धेत उपयोगी पडणारी गोष्ट सराव शिबिरातही चालवावी, असे अनेकांना वाटते. इथेच सर्वांत महागडी चूक होते. क्वीन्सलँड येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ तरुणांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा पायांचा वजनी व्यायाम केला. निम्मे जण प्रत्येक व्यायामानंतर सुमारे १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे बसत, तर उरलेले तेवढाच वेळ हलकी सायकल चालवत. तीन महिन्यांनंतर सायकल चालवणाऱ्यांच्या पायांची ताकद आणि स्नायूंचे वस्तुमान थंड पाण्यात बसणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेले होते.

याचे कारणही त्याच अभ्यासात शोधले गेले. वजनी व्यायामानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधण्याचे रासायनिक संकेत सुरू होतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी जाग्या होतात. थंड पाण्यानंतर हे काम पुढील दोन दिवस मंदावलेले दिसले. व्यायामाने शरीराला वाढण्याचा निरोप धाडायचा आणि लगेच बर्फाने तो निरोप दाबून टाकायचा, असा हा प्रकार होतो. नंतरच्या काही प्रयोगांत स्नायूंची वाढ खुंटलेली दिसली, पण ताकदीत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे तोटा नेमका किती, याविषयी एकमत नाही. लांब पळणे किंवा सायकलिंग यांसारख्या दमसासाच्या सरावावर असा दुष्परिणाम दिसलेला नाही. तरीही ताकद कमावण्याच्या महिन्यांत वजनी व्यायामानंतर बर्फस्नान टाळावे, ही सूचना आता बऱ्यापैकी सर्वमान्य आहे.

मालिश : अंग हलके, वेग तेवढाच

दिल्लीच्या आखाड्यांत काय किंवा कोल्हापूरच्या तालमींत काय, लढतीनंतर एकमेकांच्या अंगाला तेल लावून चोळण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पुरावा या रीतीला अर्धे श्रेय देतो. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९ अभ्यास आणि १,०१२ व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. मालिशमुळे ताकद, उडी, वेग किंवा दमसास यांपैकी काहीही सुधारल्याचे त्यात आढळले नाही. लवचीकता थोडी वाढली आणि नंतरची अंगदुखी थोडी घटली. या दोन लाभांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७ आणि १३ टक्के होते. वेगवेगळ्या उपायांची तुलना करणाऱ्या २०१८ च्या एका फ्रेंच अभ्यासात तर दुखणे आणि थकव्याची जाणीव कमी करण्यात मालिशला पहिले स्थान मिळाले.

‘मालिशने रक्त खेळते आणि आम्ल निघते’ हा दावा मात्र टिकलेला नाही. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये हाताच्या पंजाच्या व्यायामानंतर हे थेट मोजले गेले. मालिश सुरू असताना दाबामुळे स्नायूंतील रक्तप्रवाह उलट अडला आणि लॅक्टेट बाहेर पडण्याचा वेग घटला. अंग हलके वाटते ते बहुधा मज्जासंस्था शांत झाल्याने आणि वेदनेची जाणीव बोथट झाल्याने.

यातून दोन व्यावहारिक मर्यादा ठरतात. दुसऱ्या दिवशी सामना असेल तर १५-२० मिनिटांची हलकी मालिश पुरते. कोपराने रगडणारी खोल मालिश मुळात इजा झालेल्या तंतूंना आणखी दुखवू शकते, आणि मग दुसऱ्या दिवशीची कळ सामन्याची की मालिशची हे सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, स्नायूला थेट मार बसून आत रक्त साकळले असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी मालिश करू नये, कारण चोळल्याने रक्तस्राव वाढतो. साधी अंगदुखी दोन्ही पायांत साधारण सारखी आणि पसरट असते. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी, खेळतानाच अचानक उठलेली कळ असेल तर ती दुखापत समजून डॉक्टरांना दाखवावी.

ताण : सर्वाधिक रूढ, सर्वांत कमी परिणामकारक

सामना संपल्यावर मैदानावर गोल करून मांड्या, पोटऱ्या आणि पाठ ताणत बसलेला संघ हे सर्वपरिचित दृश्य आहे. दुखणे टाळण्याच्या हेतूने ते केले जात असेल, तर त्यामागे जवळजवळ काहीच आधार नाही. कॉक्रेनच्या २०११ च्या आढाव्यात १२ अभ्यास होते आणि त्यांतील एकात २,३७७ जणांनी भाग घेतला होता. व्यायामानंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे १०० गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी अवघ्या एका गुणाने घटले. मोठ्या अभ्यासात व्यायामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ताण देणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे चार गुणांचा लाभ झाला. एवढा फरक खेळाडूला जाणवतही नाही.

ताण द्यायचे नियमित व्यायाम सांध्यांची हालचाल वाढवतात, हे खरे आहे. तो लाभ मिळवण्यासाठी मात्र सामन्यानंतरचीच वेळ हवी असे नाही. थकलेल्या आणि सूक्ष्म इजा झालेल्या स्नायूला जोराने खेचण्यापेक्षा तो वेळ सरावाच्या दिवशी वेगळा काढणे श्रेयस्कर. सामन्यानंतर बसून केलेले हलके ताण अपायकारक नाहीत. संघ एकत्र बसतो, श्वास स्थिरावतो, प्रशिक्षकाला चार शब्द बोलता येतात. ही उपयुक्त सवय आहे, पण तिला उपचार म्हणता येत नाही.

सात दिवसांच्या स्पर्धेत काय करावे?

हे सारे खो-खो विश्वचषकासारख्या वेळापत्रकाला लावून पाहता येते. समजा, सामना संध्याकाळी सात वाजता संपला आणि पुढचा सामना दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास आहे. पहिली पाच-दहा मिनिटे सावकाश चालण्यात जावीत. पुढील तासाभरात कंबरेपर्यंत १२ ते १५ अंशांच्या पाण्यात १० ते १२ मिनिटे बसावे, अंग कोरडे करून उबदार कपडे घालावेत आणि जेवावे. ६० किलो वजनाच्या खेळाडूला त्या वेळी सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि तासाला ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके मिळाली तर रिकामे झालेले इंधन भरू लागते. भात किंवा पोळी, डाळ, दही आणि केळी यांतून हे सहज साधते. हवी असल्यास झोपण्यापूर्वी हलकी मालिश घ्यावी. बर्फाच्या रांगेत थांबून जेवण आणि झोप लांबत असेल, तर बर्फ सोडून द्यावा.

एकाच दिवशी दोन सामने असतील तर नियम बदलतो. थंड पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पायांचा वेग आणि उडी काही काळ घटते. दोन सामन्यांत तास-दीड तासाचेच अंतर असेल, तर थंड पाणी टाळून चालणे, पाणी पिणे आणि थोडे खाणे पुरेसे ठरते.

पाणी किती थंड आहे हे हाताने अजमावू नये, थर्मामीटर वापरावा. दिल्लीत ऋतूप्रमाणे हिशोब किती पालटतो, हे एका पिंपाच्या उदाहरणावरून समजते. पिंपात १५० लिटर पाणी आहे. उन्हाळ्यात ते ३० अंशांवर असेल तर १२ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ३० किलो बर्फ लागतो. जानेवारीत तेच पाणी १६ अंशांवर असेल तर साडेसहा किलो पुरतो. १५ अंशच चालणार असतील तर तेवढाही लागत नाही. पिंप आणि बसणाऱ्याचे शरीर पाणी तापवत राहते, म्हणून थोडा बर्फ हाताशी ठेवावा. बर्फ वर तरंगतो, त्यामुळे पाणी ढवळून मगच तापमान मोजावे. एका पिंपात संघातील अनेक जण बसणार असतील तर आधी आंघोळ करणे आवश्यक आहे आणि खरचटलेल्या किंवा उघड्या जखमा असलेल्यांनी त्यात उतरू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा थंडीने बोटे पांढरी पडण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असे स्नान करू नये. अचानक थंडीने श्वास अडखळतो आणि हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून एकट्याने आणि गळ्यापर्यंत बुडून बसणे टाळावे.

उपाय लागू पडतो की नाही, हे संघाला स्वतःलाही मोजता येते. रोज सकाळी खेळाडूने दुखण्याला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत आणि हाताला खडू लावून भिंतीवर उंच उडी मारून खूण करावी. दुखणे कमी पण उडीही खाली आलेली असेल, तर खेळाडूला फक्त बरे वाटते आहे, स्नायू अजून सावरलेला नाही. अशा दिवशी त्याला कमी वेळ खेळवणे हाच खरा उपाय असतो.

जिथे बर्फ प्राण वाचवतो

दिल्लीच्या उन्हाळ्यात थंड पाण्याचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे. मे-जूनमध्ये खेळताना एखादा खेळाडू कोसळला, बरळू लागला, तोल जाऊ लागला आणि त्याच्या शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, तर तो उष्माघात असतो. अशा वेळी अंगदुखीचे १२ अंशांचे नियम लागू होत नाहीत. हाताशी असेल तेवढ्या गार पाण्यात त्याला मानेपर्यंत बुडवावे, डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे, पाणी सतत ढवळावे आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांखाली आणण्याचा प्रयत्न करावा. रुग्णवाहिका लगेच बोलवावी. शरीर थंड करणे मात्र ती येण्याची वाट न पाहता सुरू करावे, कारण मेंदू आणि यकृताची हानी शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर अवलंबून असते. दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ च्या उन्हाळ्यात सुरू केलेल्या उष्माघात कक्षात रुग्णाला बर्फाच्या पाण्यात बुडवण्यासाठी टब ठेवले आहेत, ते याच तत्त्वावर.

म्हणजे मैदानाच्या कडेला ठेवलेल्या त्या एकाच पिंपाची तीन वेगवेगळी कामे होतात. सलग सामन्यांच्या आठवड्यात ते दुखणे थोडे हलके करते. ताकद कमावण्याच्या महिन्यांत ते रिकामे ठेवलेलेच बरे. मे महिन्यातील दुपारच्या सामन्यात मात्र कोणी त्यात बसणार नसले, तरी ते पाण्याने भरलेले आणि बर्फ शेजारी तयार असलेले असावे.